आईचे हिमोग्लोबिन ९.४ निघाले म्हणून गुडघ्याची शस्त्रक्रिया पाच आठवडे पुढे ढकलली. हे आवश्यक होते का?

वाळवंटीकाठ (साखळी) — सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार. माझी आई ६६ वर्षांची आहे आणि तिचे वजन ५८ किलो आहे. दोन्ही गुडघे झिजले आहेत. त्यांपैकी उजवा बदलण्याची शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी ठरली होती. घरातली सगळी व्यवस्था झाली होती, बहीण रजा काढून पुण्याहून आली होती. आज भूल देण्याआधीच्या तपासणीत भूलतज्ज्ञांनी अहवाल पाहिला आणि हिमोग्लोबिन ९.४ आहे, आता शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे सांगून किमान पाच आठवड्यांनंतरची तारीख घ्यायला लावली. सोबत शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी आणि पोटाच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगितले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पोटाच्या डॉक्टरांकडे कशाला जायचे, हे आम्हाला कोणी नीट समजावून सांगितले नाही.

माझा प्रश्न असा आहे की, रक्त कमी आहे तर आदल्या दिवशी एकदोन पिशव्या रक्त चढवून ठरल्या दिवशीच शस्त्रक्रिया का करता येऊ नये? आई रात्रभर वेदनेने तळमळते. पाच आठवडे हा तिच्यासाठी लहान काळ नाही.

ओ_पॉझिटिव्ह (पर्वरी) — सोमवार, रात्री १०.१५

दादा, कोणता रक्तगट हवा आहे ते ताबडतोब कळवा. माझा गट ओ पॉझिटिव्ह आहे आणि मी बांबोळीला गोमेकॉच्या रक्तपेढीत नियमित रक्तदान करतो. मागच्या वेळेला तीन महिने होऊन गेले आहेत, त्यामुळे मी उद्या सकाळीही येऊ शकतो. आमच्या गटात आणखी सातआठ जण आहेत.

वाळवंटीकाठ — सोमवार, रात्री १०.२२

आपले मनापासून आभार, पण मी रक्त मागत नाही. रक्त चढवून काम भागते का, एवढेच विचारतो आहे.

औषधीपेटी (म्हापसा) — सोमवार, रात्री १०.४०

माझे औषधांचे दुकान आहे आणि असे रुग्ण मी रोज पाहतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. लोहाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ द्या, सोबत लिंबाचे सरबत द्या, जेवणात तांबडी भाजी, बीट आणि खजूर वाढवा. दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन दोनतीन अंकांनी वाढते. पाच आठवडे लागण्याचे कारण नाही. चहा आणि दूध मात्र गोळीच्या आसपास देऊ नका.

कुळागर (फोंडा) — मंगळवार, सकाळी ६.३०

मी भूलतज्ज्ञ आहे. तेवीस वर्षे याच कामात आहे, त्यामुळे ज्या टेबलापलीकडून तुम्हाला नकार मिळाला त्याच टेबलामागे बसून मीही असे नकार दिले आहेत. कारण नीट सांगितले गेले नाही ही तुमची तक्रार रास्त आहे. तुमच्या आईला मी तपासलेले नाही, तेव्हा उपचार त्यांचे डॉक्टरच ठरवतील. मी फक्त त्या नकारामागचा हिशेब मांडते.

तुमच्या आईच्या वजनाच्या स्त्रीच्या अंगात साधारण पावणेचार लिटर रक्त असते. शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेले की आम्ही रक्त देण्याचा विचार करू लागतो. हा आकडा मनाने काढलेला नाही. खुब्याचे हाड मोडलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या वयस्कर रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत ८ पर्यंत थांबलेले आणि १० वरच रक्त दिलेले असे दोन गट होते आणि दोघांच्या चालण्यात किंवा मृत्युदरात फरक दिसला नाही. आता ९.४ वरून ८ पर्यंत येण्यास तुमच्या आईला सुमारे ५६० मिलिलिटर रक्तस्राव पुरतो. तेच हिमोग्लोबिन १२.४ असेल तर त्याच ८ पर्यंत येण्यास सुमारे १३४० मिलिलिटर रक्त जावे लागेल. गुडघा बदलताना रक्त फक्त टेबलावर दिसते तेवढेच जात नाही. सांध्यात आणि मांडीच्या ऊतींत ते दोनतीन दिवस मुरत राहते, आणि सगळे मिळून बरेचदा लिटरच्या आसपास होते. म्हणजे आज शस्त्रक्रिया केली तर रक्त द्यावे लागण्याची शक्यता मोठी, आणि १२ च्या पुढे जाऊन केली तर बरीच कमी.

मग आधीच पिशव्या का देत नाहीत? एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढते, म्हणजे १२.४ गाठायला तीन पिशव्या लागतील. ६६ वर्षांच्या, लहान चणीच्या स्त्रीच्या हृदयावर एकदोन दिवसांत एवढा द्रव आला की फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका असतो, आणि रक्त चढवल्यानंतरच्या गंभीर गुंतागुंतींत हीच फार वेळा दिसते. शिवाय परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली तर पुढे रक्त जुळवताना अडचण येते. दुसरा गुडघाही बदलायचा आहे, हे विसरू नका. आणि पिशवी दिल्याने मूळ कारण जागेवरच राहते.

त्या कारणासाठीच पोटाच्या डॉक्टरांचे नाव निघाले आहे. तुमच्या आईची मासिक पाळी जाऊन वर्षे झाली असतील. अशा स्त्रीच्या शरीरातले लोह कमी होत असेल तर ते कुठून तरी गळते आहे असे धरावे लागते, आणि ती जागा बहुतेक वेळा जठर किंवा आतडे असते. एक विचारते: गुडघ्यांसाठी त्या वेदनाशामक गोळ्या किती दिवसांपासून घेत आहेत?

वाळवंटीकाठ — मंगळवार, सकाळी ८.०५

डॉक्टरबाई, एवढ्या सकाळी एवढे सविस्तर लिहिलेत, आपले आभार कसे मानू? आई दोन वर्षांपासून जवळजवळ रोज एक वेदनाशामक गोळी घेते, कधी दोन. सहा महिन्यांपूर्वी पोटात जळजळ होते म्हणून सकाळी उपाशीपोटी घ्यायची आम्लपित्ताची गोळीही सुरू केली. शौचाचा रंग काळपट असतो, पण ती म्हणते की ते खाण्यामुळे.

कुळागर — मंगळवार, दुपारी १.२०

तर दुवा तिथेच असण्याचा संभव आहे. वेदनाशामकांमुळे जठराच्या अस्तराला व्रण पडून रोज चमचाभर रक्त जात राहते, रुग्णाला पत्ताही लागत नाही. यात शस्त्रक्रियेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. गुडघा बदलल्यावर पायाच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून काही आठवडे रक्त पातळ करणारे औषध देतात. पोटात उघडा व्रण असताना ते औषध सुरू झाले असते, तर गुडघ्यापेक्षा पोटाचीच काळजी करण्याची वेळ आली असती.

औषधीपेटी यांच्या मताबद्दल. गोळ्या उपयोगी नाहीत असे मी म्हणणार नाही. लोहाची कमतरता असेल, गळती थांबलेली असेल आणि वेळ हाताशी असेल तर गोळीच पहिले औषध. पण दोन आठवड्यांत दोनतीन अंक हा माझा अनुभव नाही. चांगले शोषण होणाऱ्या रुग्णातही हिमोग्लोबिन १ ने वाढायला दोन ते तीन आठवडे लागतात. आणि इथे आम्लपित्ताची गोळी चालू आहे. जठरातले आम्ल कमी झाले की गोळीतले लोह विरघळून आत जाणेही कमी होते. व्रण भरेपर्यंत ती गोळी बंद करता येणार नाही, म्हणून या रुग्णाला शिरेतून लोह देणेच योग्य ठरेल असे मला वाटते. लिंबाचे आणि चहाचे जे सांगितलेत ते अगदी बरोबर आहे.

तांबडी भाजी मलाही आवडते. पण तिचा किंवा बिटाचा लाल रंग लोहाचा नाही. तो वनस्पतीतल्या रंगद्रव्याचा आहे. भाजीतल्या लोहाचा फार थोडा भाग शरीरात शिरतो. तिसऱ्यांसारखे शिंपले किंवा मांस यांतले लोह त्यापेक्षा चांगले शोषले जाते. तरीही ९.४ पासून १२ पर्यंतचे अंतर पाच आठवड्यांत ताटातून भरून निघत नाही.

औषधीपेटी — मंगळवार, दुपारी २.१०

आम्लपित्ताच्या गोळीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो मान्य. पण दिवसातून दोनदा देण्यात चूक काय? जास्त दिले तर जास्त जाईल, हे उघड आहे.

काचपट्टी (मडगाव) — मंगळवार, दुपारी ३.००

मी प्रयोगशाळेत काम करते. लोहाची एक मात्रा आत गेली की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि ते साधारण दिवसभर आतड्याचे दार अर्धवट लावून ठेवते. म्हणून संध्याकाळच्या दुसऱ्या गोळीतले थोडेच आत जाते, बाकीचे पोट बिघडवते आणि शौच काळे करते. एका दिवसाआड घेतलेल्या गोळीतले लोह अधिक प्रमाणात शोषले जाते, असे स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या अभ्यासांत दिसले. मात्र ते अभ्यास तरुण स्त्रियांवरचे होते, आणि एकूण हिमोग्लोबिन लवकर वाढते का, हा प्रश्न त्यातून पूर्ण सुटत नाही.

वाळवंटीकाठ, अहवालातले एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, आणि लाल पेशींची संख्या हे दोन आकडे इथे लिहाल का? आमच्याकडे येणारे बरेच जण फक्त हिमोग्लोबिनच्या आकड्यावर बोट ठेवून निघून जातात.

वाळवंटीकाठ — मंगळवार, दुपारी ३.३५

एमसीव्ही ७१ आणि लाल पेशी ४.१५ दशलक्ष. फेरिटिनचा अहवाल आजच आला: ११.

काचपट्टी — मंगळवार, सायंकाळी ४.१०

मग चित्र बरेच स्पष्ट आहे. ७१ ला ४.१५ ने भागले तर १७ येते. थॅलेसेमिया मायनर हा जन्मजात रक्तदोष असेल तर पेशी लहान असूनही संख्येने भरपूर असतात आणि हा भागाकार बहुधा १३ च्या खाली जातो. हा अंदाजच आहे, निदान नव्हे. पण फेरिटिन ११ म्हणजे लोहाचे कोठार रिकामे आहे, यात शंका उरत नाही. ३० च्या खालीही आम्ही तसेच समजतो. सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटे वाढते आणि तेव्हा १०० पर्यंतच्या आकड्यावरही विश्वास ठेवता येत नाही, रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनची संपृक्तता पाहावी लागते. तुमच्याकडे तो गोंधळ नाही.

सुरंगी (वास्को) — मंगळवार, रात्री ९.००

थॅलेसेमियाचा उल्लेख झाला म्हणून माझ्या भावाचे सांगते. त्याची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली होती आणि हिमोग्लोबिन १०.८ होते. एका ठिकाणी शस्त्रक्रिया पुढे ढकलून त्याला चार महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. आकडा १०.९ च्या पुढे सरकेना, तर मात्रा वाढवली. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन पाहिले, ते भरपूर होते, आणि मग एचबी ए-टू तपासले, ते ५ टक्क्यांच्या वर निघाले. थॅलेसेमिया मायनर. त्याचे १०.८ हे जन्मापासूनचेच होते. चार महिने तो हर्निया दाबत फिरला. म्हणून मला वाटते, हिमोग्लोबिनसाठी शस्त्रक्रिया थांबवणे हे एकूणच चूक आहे.

कुळागर — मंगळवार, रात्री ९.४५

सुरंगीताई, तुमच्या भावावर अन्याय झाला हे मी मान्य करते. कारण न शोधता लोह देत राहणे चूक, आणि साध्या हर्नियासाठी थांबवणे हीसुद्धा चूक. हर्नियात रक्त जाते ते जेमतेम काही चमचे, तिथे १०.८ पुरेसे होते. पण त्यावरून थांबणेच चूक असे ठरत नाही. मी तीन गोष्टी विचारते: किती रक्त जाण्याची शक्यता आहे, कमतरतेचे कारण दुरुस्त होण्यासारखे आहे का, आणि थांबल्याने आजार वाढेल का. मोडलेला खुबा, अडकलेले आतडे किंवा वाढता कर्करोग असेल तर मी हिमोग्लोबिनसाठी आठवडे दवडणार नाही. गुडघ्याची झीज पाच आठवड्यांत फारशी बदलत नाही. वेदना मात्र खऱ्या आहेत आणि त्यांवर दुसरा उपाय शोधला पाहिजे.

खाडीवारा (चोडण) — बुधवार, सकाळी ७.१५

मी शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आहे. मॅडम, आपले गणित पटते, पण २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिव्हेंट चाचणीचे काय? पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी रक्तक्षय असलेल्या साडेचारशेहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना शिरेतून लोह दिले, निम्म्यांना नुसते सलाईन. हिमोग्लोबिन वाढले, पण रक्त द्यावे लागणे किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. मग गुंतागुंत कमी होते असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

कुळागर — बुधवार, रात्री ८.३०

हा प्रश्न विचारल्याबद्दल मला आनंद वाटला. आपल्याकडे या विषयात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलल्या जातात. २०११ साली, ‘लॅन्सेट’मध्येच, सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास आला होता. शस्त्रक्रियेआधी सौम्य रक्तक्षय असलेल्यांतही तीस दिवसांतले मृत्यू आणि गुंतागुंत जास्त होती. पण तो संबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. ज्याचे हिमोग्लोबिन कमी, त्याचे मूत्रपिंड किंवा हृदय अनेकदा आधीच थकलेले असते. संख्याशास्त्राने हे वेगळे काढण्याचा प्रयत्न केला जातो, पूर्ण निघत नाही.

प्रिव्हेंटमध्ये रुग्ण निवडताना रक्तक्षय पाहिला होता, लोहाची कमतरता पाहिली नव्हती. त्यात कर्करोगाचे रुग्ण बरेच होते आणि लोह शस्त्रक्रियेच्या दहा ते बेचाळीस दिवस आधी दिले होते. ज्याला लोहाची गरजच नाही, किंवा ज्याला ते पुरेसे आधी मिळाले नाही, त्याच्या आकड्यात मोठी वाढ कशी दिसणार? तरीही मी त्या चाचणीला बाजूला सारत नाही. ‘आकडा कमी, म्हणून सरसकट शिरेतून लोह’ ही पद्धत तिने प्रश्नांकित केली, आणि ते योग्य झाले.

माझी भूमिका अशी आहे. सिद्ध झालेली लोहाची कमतरता, पुरेसा वेळ आणि बऱ्यापैकी रक्तस्रावाची शस्त्रक्रिया, या तिन्ही एकत्र आल्या तर रक्त चढवण्याची गरज कमी होते, असे मी खात्रीने सांगेन. जंतुसंसर्ग, रुग्णालयातले दिवस आणि हृदयाचे त्रास यांच्याबाबतीत मी ‘कमी होण्याची शक्यता आहे’ एवढेच म्हणेन.

खाडीवारा — बुधवार, रात्री ९.०५

हे मान्य. पण ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिल्याने गुडघ्यातला रक्तस्राव एवढा घटतो की कदाचित ९.४ वरही भागले असते, असे माझे मत कायम आहे.

कुळागर — बुधवार, रात्री ९.२०

भागलेही असते. पण पोटातला व्रण सापडला नसता.

वाळवंटीकाठ — अकरा दिवसांनी, रविवार, सकाळी १०.००

सर्वांना घडलेले सांगतो. दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या खालच्या भागात दोन उथळ व्रण सापडले. मोठ्या आतड्याची तपासणीही झाली, ती स्वच्छ आहे. वेदनाशामक गोळी बंद केली आहे, त्याऐवजी पॅरासिटामॉल आणि शेक चालू आहे. आई कण्हते, पण निभावते आहे.

गेल्या मंगळवारी तिला शिरेतून लोह दिले. डॉक्टरांनी आमच्यासमोर कागदावर गणित केले: ५८ × (१३ − ९.४) × २.४ + ५००. उत्तर हजारच्या जवळ आले, म्हणून फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजचे १००० मिलिग्रॅम एकाच वेळी दिले. शंभर मिलिलिटरच्या सलाईनमध्ये ते औषध मिसळले तेव्हा पाणी गुळाच्या पाकासारखे गडद तपकिरी झाले. पंधरा मिनिटांत बाटली संपली आणि त्यानंतर अर्धा तास परिचारिका दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब पाहत होती. सुई टोचल्यावर तिने आईला तीनदा विचारले की हाताला आग होते का, कारण औषध शिरेबाहेर गेले तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो बराच काळ जात नाही.

दुसऱ्या दिवशी आईचे अंग दुखले. पण आज पाच दिवस झाले तरी थकवा तसाच आहे. काही चुकले आहे का?

काचपट्टी — रविवार, सकाळी ११.३०

चुकलेले नाही. लोह म्हणजे कच्चा माल, पेशी तयार व्हायला अस्थिमज्जेला वेळ लागतो. आठवडाभरात रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोऱ्या पेशी, वाढू लागतात. हिमोग्लोबिन दोन आठवड्यांनी पाहा, त्याआधी पाहून मन खट्टू करून घेऊ नका. पुढच्या अहवालात आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत, वाढलेली दिसली तरी घाबरू नका. माझ्या काचपट्टीवर अशा रुग्णाचे रक्त दोन जातींचे दिसते, जुन्या फिकट बारीक पेशी आणि त्यांच्यामध्ये नव्या, भरलेल्या, मोठ्या. यंत्र त्या तफावतीलाच मोठा आकडा देते.

वाळवंटीकाठ — सहा आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८.१०

लोह दिल्यानंतर चौदाव्या दिवशी हिमोग्लोबिन १०.८ होते आणि तिसाव्या दिवशी १२.२. यावरून दोघा डॉक्टरांत थोडा मतभेद झाला. भूलतज्ज्ञांना १३ पर्यंत थांबावेसे वाटत होते, तर शल्यविशारदांच्या मते व्रण भरला होता आणि आई अंथरुणाला खिळत चालली होती, तेव्हा १२.२ पुरे. शेवटी शस्त्रक्रिया झाली. चिरा देण्याआधी एक ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिले. तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन सर्वांत खाली गेले, ते ९.८. रक्त चढवावे लागले नाही. पाचव्या दिवशी आई वॉकर धरून सज्जापर्यंत चालत गेली.

ओ_पॉझिटिव्ह दादा, तुम्ही पहिल्या रात्री पंचवीस मिनिटांत पुढे आलात, ते आईला सांगितले. तिने तुम्हाला चतुर्थीला घरी बोलावले आहे.

आता पुढचा प्रश्न. डावा गुडघा चार महिन्यांनी करायचा आहे. आताच्या ९.८ साठी लगेच गोळ्या सुरू कराव्यात का, आणि फेरिटिन कधी पाहावे?

ओ_पॉझिटिव्ह — शनिवार, रात्री ८.३०

जरूर येईन. हा धागा वाचून मी माझे फेरिटिन तपासून घेतले, ते १९ आले. रक्तपेढीत हिमोग्लोबिन दर वेळी १३ च्या वर असते म्हणून मी निर्धास्त होतो.

काचपट्टी — शनिवार, रात्री ८.५०

एका पिशवीबरोबर दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जाते, आणि वर्षात चार वेळा दिले तर जेवणातून ते भरून येणे कठीण. काही महिने थांबा आणि डॉक्टरांना अहवाल दाखवा.

कुळागर — शनिवार, रात्री १०.००

वाळवंटीकाठ, वाचून बरे वाटले. शस्त्रक्रियेनंतर शरीरात सूज असते, हेप्सिडिन वाढलेले असते, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत गोळीतले लोह फारसे शोषले जात नाही आणि फेरिटिनही फुगलेले दिसते. आता फेरिटिन पाहून ‘कोठार भरले’ असा समज करून घेऊ नका. दोन महिने होऊ द्या. मग हिमोग्लोबिन, फेरिटिन, ट्रान्सफेरिनची संपृक्तता आणि सोबत सूज दाखवणारे सीआरपी एकाच दिवशी तपासा. १००० मिलिग्रॅममध्ये कोठाराचा वाटा धरला होता, पण या शस्त्रक्रियेत त्यातले काही गेले आहे, तेव्हा आणखी लोह लागण्याची शक्यता आहे. तेव्हाही आम्लपित्ताची गोळी चालू असेल, तर ते त्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा. आणि गुडघा दुखतो म्हणून जुन्या वेदनाशामक गोळ्यांचे पाकीट घरात कुठे राहिले असेल तर आजच काढून टाका.